धोंडा कुणापुढे

खारू घरात शिरली, एक चप्पल इकडे, एक तिकडे उडवली आणि पाण्याचा घोटही न घेता सोफ्यावर जाऊन बसली. मावशीनं हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. सगळी हयात शाळेत पोरं हाकलण्यात गेलेली बाई ती. समोरच्याच्या तोंडावरून गुणपत्रिका वाचायची.

"सरांशी बिनसलं वाटतं."

"कशावरून?"

"घ्या! घरातही कशावरून! अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? जा, तोंड बघून ये."

खारूला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. मग मावशीनं वर्तमानपत्राची घडी घातली.

लहानपणी खिशात खडे, बिया, तुटकी बटणं साठवायची म्हणून मावशीनंच तिला खारू केलं होतं, आणि आता चांगली चाळिशीला टेकली तरी ती खारूच होती. दीड वर्षाची असताना तिची आई गेली. आईच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे या मावशीनं, तिला उचललं ते कायमचंच. साठवायची खोड मात्र काही सुटली नाही. फरक एवढाच की आता तिला हाडं साठवायचा पगार मिळत होता. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात ती जुन्या सांगाड्यांचा अभ्यास करायची: बाई की पुरुष, वय काय, कशानं आजारी होते. कामही सरांनीच शिकवलेलं आणि 'कशावरून?' हा प्रश्नही सरांचाच.

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. आता निवृत्त होते, पण विभागात त्यांचा शब्द अजून चालायचा. त्यांच्या वर्गात 'मला वाटतं' असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. "तुला काय वाटतं ते तुझ्या घरी. इथं दाखव," असं म्हणत. विभागात त्यांनी एक रीतच पाडली होती. दर बुधवारी दुपारी बैठक भरायची. एखादा वादाचा मुद्दा घ्यायचा आणि बोलायला सुरुवात करण्याआधी टेबलावर एक धोंडा ठेवायचा. दावा जो करतो त्याच्यापुढे. पुरावा त्यानं द्यायचा, दुसऱ्यानं नाही. हा धोंडा तरी काय, तर कुण्या उत्साही विद्यार्थ्यानं उत्खननातून आदिमानवाचं हत्यार म्हणून मिरवत आणलेला. हत्यारबित्यार काही नव्हतं, साधा ओढ्यातला दगड निघाला. सरांनी तो जपून ठेवला. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणाऱ्यांसाठी आहे हा. ज्याचं तोंड, त्याचा धोंडा," ते म्हणायचे.

आणि आज याच सरांनी खारूला सांगितलं होतं, "ती आई नव्हती हे तू सिद्ध कर, मग मी पाटी उतरवतो."

पाटी होती संग्रहालयातल्या एका काचेच्या पेटीवर. पेटीत एक कबर होती, मातीसकट उचलून आणलेली. कुशीवर निजलेली एक बाई आणि तिच्या डाव्या हाताच्या कोपरात वर्षाच्या आतलं बाळ. सर तरुण असताना त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं मिळून ती कबर उघडली होती. पाटीवर तीनच शब्द होते: 'आई आणि बाळ'. त्या तीन शब्दांवर संग्रहालय चालत होतं म्हणा ना. शाळांच्या सहली यायच्या, मोठी माणसं काचेपाशी गप्प व्हायची. आता नवं दालन होणार होतं, पाट्या नव्यानं लिहायच्या होत्या, आणि संग्रहालयाच्या संचालकबाईंनी विभागाला विचारलं होतं, मजकूर असाच ठेवायचा ना? खारूनं हाडं पुन्हा तपासली आणि म्हणाली, आई कशावरून?

"मग बरोबरच आहे की तुझं," मावशी म्हणाली.

"बरोबर असून काय करू? बुधवारी सगळ्यांपुढे बोलायचंय. मी बोलले तर सर मला मुकतील, मावशी. आणि मी सरांना. गप्प बसले तर बिनपुराव्याची पाटी पुन्हा नव्यानं लागणार, माझ्या सहीनं. बाई गेल्यापासून ते किती एकटे झालेत, तुला माहीत नाही."

बाई म्हणजे सरांची बायको. सगळा विभाग त्यांना बाईच म्हणायचा. कबरींची चित्रं काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकेक हाड, एकेक खडा जिथल्या तिथं. त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. ती कबर उघडली तेव्हा ब्रशनं माती झाडता झाडता बाईच म्हणाल्या होत्या, "ही आई आहे." ही गोष्ट विभागात सगळ्यांना पाठ होती. सरच सांगायचे, प्रत्येक नव्या तुकडीला, आणि सांगताना त्यांचा आवाज दरवेळी मऊ व्हायचा.

"बुधवारची ती बैठक सगळ्यांना खुली असते का गं?" मावशीनं विचारलं.

"असते. पण तू येऊ नकोस."

"मी येणार," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

बुधवारी खोली गच्च भरली. खिडकीच्या कट्ट्यावर पोरं बसली होती, संचालकबाई पुढच्या रांगेत, आणि मावशी सगळ्यात मागे, इस्त्रीची साडी नेसून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी ताठ. सर आले. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेलं होतं. बाई असत्या तर दारातच थांबवलं असतं. खारूला उठून ते नीट करावंसं वाटलं, पण आज ती त्यांच्या समोरच्या बाजूला बसली होती.

विभागप्रमुख सरांचेच विद्यार्थी. त्यांनी धोंडा उचलला, सरांकडे पाहिलं, खारूकडे पाहिलं, घसा खाकरला आणि धोंडा खारूपुढे ठेवला.

"पाटी इतकी वर्षं आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी मान्य केलेली आहे. बदल मागणाऱ्यानं पुरावा द्यावा, हे रीतसरच आहे."

खारूची पाचावर धारण बसली. पण रीत अशीही होती की धोंड्याच्या जागेवर आधी हरकत घेता येते. ती उभी राहिली.

"माझी हरकत आहे. धोंडा चुकीच्या जागी आहे."

खोलीत कुजबुज झाली. सर मान खाली घालून चष्मा पुसत होते.

"बदल मागणाऱ्यानं कारण द्यावं, हे मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण आधी जे लागलं, ते सिद्ध करून लागलं असेल तर. ही पाटी लागली तेव्हा तिच्यापुढे हा धोंडा कुणी ठेवलाच नव्हता. मी जुने लेख सगळे वाचले. पहिल्या लेखात 'बहुधा आई' आहे. दुसऱ्यानं पहिल्याचा हवाला दिला आणि 'बहुधा' गाळलं. तिसऱ्यानं दुसऱ्याचा दिला. पुढे सगळं बाबा वाक्यं प्रमाणम्. दहा जणांनी एकाचंच ऐकून सांगितलं, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो."

खिडकीतली पोरं हसली. सर हसले नाहीत.

"म्हणजे तुझं म्हणणं, ती आई नव्हती," सर म्हणाले. आवाज शांत होता. "हाही दावाच झाला. मग धोंडा तुझ्यापुढेच हवा."

हा सरांचा जुना डाव. वर्गात कितीतरी जण यात अडकले होते. 'मान्य नाही' म्हणणाऱ्याला अलगद 'उलटं खरं आहे' म्हणायला लावायचं, की झालाच तो दावेदार.

"नाही सर. ती आई नव्हती असं मी म्हटलं असतं, तर धोंडा मी स्वतः उचलून घेतला असता. मी म्हणते, आपल्याला माहीत नाही. असलेला पुरावा पुरत नाही, एवढाच माझा दावा, आणि तेवढ्याचा भार माझ्यावर. तो मी उचलते."

मग सरांनी आपला पुरावा काढला. ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कबरीतल्या बाईच्या कमरेच्या हाडावर खळगे होते, बाळंतपणानंतर पडतात म्हणतात तसे. सरांनी मोठं छायाचित्र दाखवलं, एकेक खळगा बोटानं दाखवला.

"आता पुरावा दिलाय. आता तुझी पाळी," ते म्हणाले.

"पाळी माझी, बरोबर," खारू म्हणाली. "उत्तर मी देते. पण धोंडा अजून तुमचाच सर, कारण दावा तुमचा आहे. पाळी फिरते, धोंडा फिरत नाही. हे तुम्हीच शिकवलंत." आणि तिनं उत्तर दिलं. तसे खळगे बाळंतपण न झालेल्या बायकांच्याही हाडांवर सापडलेत, काही पुरुषांच्याही. ज्यांची बाळंतपणं झाल्याची नक्की माहिती आहे अशा कितीतरी बायकांच्या हाडांवर ते नाहीत. आणि समजा ही बाई बाळंत झाली असेलही, तरी हेच बाळ तिचं, हे त्यातून कसं निघणार? डीएनए तपासायला दोनदा नमुना पाठवला होता. बाळाची हाडं इतकी नाजूक, की दोन्ही वेळा काहीच हाती लागलं नाही.

"मग झालं तर," मागून कुणीतरी म्हणालं. "आई नाही असं तरी कुठं निघालं?"

"आई आहे असंही कुठं निघालं?" खारू वळून म्हणाली. "तपासणी फसली, म्हणजे ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. इतर ठिकाणी अशा जोड्या सापडल्यात. जिथं तपासणी जमली तिथं काही वेळा आई निघाली. काही वेळा आत्या निघाली. काही वेळा रक्ताचं नातंच निघालं नाही. बाळाला कुशीत घेणारी प्रत्येक बाई त्याची आईच असते, असं कुणी सांगितलं?"

हे शेवटचं वाक्य तिनं तयार केलेलं नव्हतं. ते आपलं आपणच बाहेर पडलं आणि आवाजही थोडा चढला.

सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आता कळलं," ते म्हणाले. "तुला ती आई नकोच आहे. तुला मावशीनं वाढवलं, म्हणून तुला तिथं मावशी हवी आहे. याला संशोधन म्हणतात होय?"

खारूनं मागे पाहिलं नाही. तिला पाहवेना. तोंडात मारल्यासारखी ती उभी राहिली, आणि तिला वाटलं, आता रडू येणार, सगळ्यांपुढे, शाळकरी पोरीसारखं. पण रडू आलं नाही. आली ती माया. समोर एक म्हातारा माणूस चुकीच्या काजात बटण घालून बसला होता, आणि हरल्याशिवाय हा असं बोलायचा नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हवी असेल सर," ती हळू म्हणाली. "मावशी हवी असेल मला. मी नाकारत नाही. म्हणून तर पाटीवर मी 'मावशी' लिहा असं म्हटलं नाही. मला काय हवंय हा पुरावा नाही. आणि बाईंना काय हवं होतं, तोही नाही."

विभागप्रमुख उगाच कागद सारखे करत राहिले. मग सर उठले, वाकले, दोन्ही हातांनी धोंडा उचलला. तसा जड होता तो. मदतीला दोघंतिघं पुढे सरसावले, त्यांना सरांनी मानेनंच मागे सारलं. धोंडा त्यांनी आपल्या बाजूला आणून ठेवला.

"हरकत मान्य," ते म्हणाले. "भार माझा होता. माझ्याकडे पुरावा नाही." मग शेवटच्या रांगेतल्या मावशीकडे बघून म्हणाले, "ताई, मी जे बोललो ते बोलायला नको होतं. माफ करा." आणि चहाला न थांबता निघून गेले.

बसमध्ये मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. खारू म्हणाली, "मावशी, राग आलाय?"

"सरांचा? छे. माफी मागायला छाती लागते. आमच्या मुख्याध्यापकांना जन्मात जमली नाही." मग थोडं थांबून, "खरंच तुला तिथं मावशी हवी होती?"

"थोडी. म्हणूनच सगळं तीनतीनदा तपासलं. मला स्वतःवर भरवसा नव्हता."

"वेडी आहेस," मावशी म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला. "मी मावशी आहे ती बरी आहे. मला कुणी बढती देऊ नका." मग एकदम कडक आवाजात, "जाऊन ये त्यांच्याकडे. माणूस हरल्यावर घरी एकटा जेवतो, ते वाईट."

खारू दोन दिवस घुटमळली. तिसऱ्या दिवशी सरांचाच फोन आला. संग्रहालयात ये, एवढंच म्हणाले.

ते पेटीपाशी उभे होते. दालन अजून उघडलं नव्हतं, जमिनीवर कापडं अंथरलेली, रंगाचा वास. सरांनी तिच्या हातात एक कागद दिला. नव्या पाटीचा मजकूर, त्यांच्या तिरप्या अक्षरात: 'एक बाई आणि एक बाळ. बाळाचं डोकं बाईच्या हातावर ठेवलेलं आहे. एकाच वेळी पुरलेली. त्यांचं नातं काय होतं, हे आम्हाला माहीत नाही.'

"काही खोडायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. चोख आहे."

"सगळ्यांना विचारलं मी आयुष्यभर," ते पेटीकडे बघतच म्हणाले. "कशावरून, कशावरून. पोरांना रडवलं. तुलाही रडवलं असेल. तिला एकदाही नाही विचारलं. ती ब्रश घेऊन बसली होती, त्या बाळाची बोटं मोकळी करत होती. अर्धा दिवस नुसती बोटं. आणि म्हणाली, ही आई आहे. माझ्या ओठावर आलं होतं, कशावरून? पण मी तिचा चेहरा बघितला. आम्हाला मूल होणार नाही, असं त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाही विचारवलं."

खारूनं त्यांच्या बाहीला हात लावला.

"मग लेखात मी 'बहुधा' घातलं," सर म्हणाले. "तेवढंच करता आलं. पुढे लोकांनी गाळलं, मी पाहिलं आणि गप्प बसलो. बरं वाटलं गं मला, लोकांनी गाळलं तेव्हा. आता ही पाटी लागणार. तिला मी काय सांगू? घरी गेलो की अजून सांगतो मी तिला, दिवसभरात काय झालं ते. वेडेपणा आहे, पण सांगतो. तुझं चुकलं, असं कसं सांगू?"

खारू काचेपाशी वाकली. बाईंनी काढलेलं या कबरीचं चित्र तिनं विभागात इतक्यांदा पाहिलं होतं, की डोळे मिटून काढता आलं असतं. "सर, इथं बघा. बाळाच्या डोक्याखाली हाताचं हाड आहे आणि हाताखाली एक चपटा दगड. तळाच्या मातीत असा दगड दुसरा एकही नाही. म्हणजे तो कुणीतरी आणून ठेवला. बाळाचं डोकं ज्यावर आहे, तो हात घसरू नये म्हणून उशाला दिलेला. हे बाईंच्या चित्रात आहे, बाणानं दाखवलेलं, माप दिलेलं. त्यांच्याआधी कुणी बघितलं नव्हतं आणि त्यांच्यानंतर कुणी नीट वाचलं नाही. 'डोकं हातावर ठेवलेलं आहे' असं तुम्ही लिहिलंत ना? ठेवलेलं. आपोआप पडलेलं नाही. ते कशावरून, असं कुणी विचारलं तर पुरावा बाईंचा आहे."

सर बघत राहिले. मग चष्मा काढला, पुन्हा घातला, काचेला नाक लागेपर्यंत वाकले.

"त्या बाळाला कुणीतरी जपून निजवलं, हे सिद्ध आहे सर," खारू म्हणाली. "नातं सिद्ध नाही. माया सिद्ध आहे. आणि ती बाईंनी सिद्ध केली. घरी जाऊन एवढं सांगा."

सरांनी खिशातून पेन काढलं, कागद काचेवर टेकवला आणि 'ठेवलेलं आहे' या शब्दांपुढे अगदी बारीक अक्षरात बायकोचं नाव लिहिलं. लिहिताना कागद काचेवरून सरकत होता, म्हणून खारूनं कागदाचं दुसरं टोक धरलं.